कार्य काढायचे होते, क्रॉस प्रॉडक्ट का केला? सदिशांच्या गणितातल्या अदलाबदलीविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान एकाच गणिताभोवती फिरते. गणित असे: एका कणावर F = 2i + 3j − k न्यूटन हे स्थिर बल लागले आहे. कण A(1, 0, 2) पासून B(3, 1, 2) पर्यंत सरळ रेषेत सरकतो. अंतरे मीटरमध्ये आहेत. (अ) बलाने केलेले कार्य काढा. (आ) कण A वर असताना आरंभबिंदूभोवती या बलाचे आघूर्ण, म्हणजे टॉर्क, काढा.

मी शिकवताना या धाटणीची गणिते नेहमी देते आणि वहीत नेहमी दिसणारी एक उत्तरांची जोडी अशी: कार्य ४.५८ ज्यूल, टॉर्क शून्य. बेरीज-वजाबाकी चोख असते, वर्गमूळही बरोबर असते. फक्त दोन गुणाकारांच्या जागा बदललेल्या असतात. असे का होते आणि आपल्या हातून झाले तर कसे ओळखावे, याबद्दल मुले जे विचारतात ते इथे एकत्र केले आहे.

आधी बरोबर उत्तरे सांगा. मग चूक कुठे झाली ते कळेल.

कार्यासाठी विस्थापन हवे. शेवटच्या बिंदूतून सुरुवातीचा बिंदू वजा केला की d = 2i + j + 0k मिळते. आता डॉट प्रॉडक्ट:

W = F · d = (2)(2) + (3)(1) + (−1)(0) = 7 ज्यूल

टॉर्कसाठी आरंभबिंदूपासून बल लागते त्या बिंदूपर्यंतचा बाण हवा, r = i + 0j + 2k. आता क्रॉस प्रॉडक्ट, एकेक घटक सुटा करून:

i चा घटक: (0)(−1) − (2)(3) = −6
j चा घटक: (2)(2) − (1)(−1) = 5
k चा घटक: (1)(3) − (0)(2) = 3

म्हणजे टॉर्क −6i + 5j + 3k न्यूटन-मीटर. त्याचे परिमाण √70, सुमारे ८.३७.

वहीतल्या मुलाने (अ) मध्ये d × F केले. त्याला −i + 2j + 4k मिळाले. पण कार्य तर एक संख्या असते, हे त्याला माहीत होते. म्हणून त्याने परिमाण काढले, √21 म्हणजे ४.५८. (आ) मध्ये त्याने r · F केले: 2 + 0 − 2 = 0. तिथे ‘टॉर्क शून्य’ असे लिहून खाली रेघ मारली.

त्या शून्याकडे नीट बघा. डॉट प्रॉडक्ट शून्य येतो तेव्हा दोन बाण एकमेकांना लंब असतात. r आणि F लंब असले तर ते बल फिरवण्याच्या कामी पूर्णपणे लागते. म्हणजे या r ला आणि एवढ्याच जोराच्या बलाला जास्तीत जास्त जेवढा टॉर्क देता येईल, तेवढा A पाशी मिळतोय. आणि नेमका तिथेच ‘टॉर्क नाही’ असा निष्कर्ष निघाला. ही अदलाबदल उत्तर थोडेसे चुकवत नाही, उलटे करून टाकते.

पण शाळेत तर ‘कार्य = बल × विस्थापन’ असेच शिकलो होतो ना?

हो, आणि माझ्या मते गोंधळाचे मूळ बहुतेक वेळा इथेच असते. त्या सूत्रातले × हे पाढ्यांतले साधे गुणिले चिन्ह आहे. बल आणि विस्थापन एकाच दिशेने आहेत असे तिथे मनात धरलेले असते, त्यामुळे दोन नुसत्या संख्यांचा गुणाकार पुरतो. पुढे सदिश आले की त्याच चिन्हाला वेगळा आणि फार नेमका अर्थ मिळतो. आठवणीत मात्र जुने सूत्र जसेच्या तसे बसलेले असते. हात आपोआप d × F लिहितो आणि डोळ्यांनाही ते ओळखीचे वाटते.

टॉर्कच्या बाबतीतही तेच. ‘आघूर्ण = बल × लंब अंतर’ यातही साधाच गुणाकार आहे. फरक एवढाच की इथे चिन्ह योगायोगाने पुढच्या सूत्राशी जुळते. क्रम मात्र जुळत नाही, कारण सदिशात r आधी येतो आणि F नंतर.

मी वर्गात एक सवय लावते. सदिश सुरू झाले त्या दिवसापासून साध्या संख्यांच्या गुणाकाराला × लिहायचेच नाही, कंस वापरायचे. हे चिन्ह फक्त क्रॉस प्रॉडक्टसाठी राखून ठेवायचे.

कार्याला डॉट प्रॉडक्टच का? हे नुसते ठरवून टाकले आहे का?

नाही, त्यामागे कारण आहे. बलाने कणाला किती ऊर्जा दिली हे कार्य सांगते. कण ज्या दिशेने चालला आहे त्या दिशेने बलाचा जेवढा वाटा पडतो, तेवढाच कणाचा वेग वाढवतो. आडवा वाटा वाट वळवू शकतो, वेगाचे परिमाण वाढवू शकत नाही.

आपल्या गणितात हा वाटा मोजता येतो. बलाचे परिमाण √14, म्हणजे ३.७४ न्यूटन. विस्थापनाची लांबी √5, म्हणजे २.२४ मीटर. दोघांतला कोन सुमारे ३३ अंशांचा आहे. विस्थापनाच्या दिशेने बलाचा वाटा ३.१३ न्यूटन पडतो. ३.१३ ला २.२४ ने गुणले की ७ येतात. राहिलेला २.०५ न्यूटनचा आडवा वाटा कार्यात धरायचाच नाही. आता गंमत बघा: त्या मुलाचे ४.५८ म्हणजे २.०५ गुणिले २.२४. जो वाटा टाकायचा होता तोच त्याने ठेवला आणि जो ठेवायचा होता तो टाकला.

मग टॉर्कला दिशा कशाला हवी? जोर किती हे कळले की झाले ना?

पाना हातात घेऊन बघा. नटवर पाना लावला आहे, दांडा २५ सेंटिमीटरचा आहे. दांड्याच्या लांबीच्या दिशेने कितीही ओढा, नट हलणार नाही. दांड्याला आडवा जोर लावला की तो फिरतो. म्हणजे दांड्याला लंब असलेला वाटाच कामाचा, हे झाले परिमाण. साइन येतो तो इथून.

पण नुसत्या परिमाणाने काम भागत नाही. नट घट्ट होतोय की सैल होतोय हे सांगायला हवे. अवकाशात तर त्याहून मोठा प्रश्न असतो: फिरणे कोणत्या अक्षाभोवती? दांडा एका दिशेला, बल दुसऱ्या दिशेला, आणि अक्ष दोघांनाही लंब असतो. दोन बाण घेऊन दोघांनाही लंब असा तिसरा बाण देणारा गुणाकार म्हणजे क्रॉस प्रॉडक्ट. उजव्या हाताची बोटे r कडून F कडे वळवली की अंगठा अक्षाची दिशा दाखवतो.

कार्याला असा अक्ष नसतो. ऊर्जा पूर्वेला ७ ज्यूल आणि उत्तरेला ३ ज्यूल अशी मिळत नाही. म्हणूनच d × F चे परिमाण काढून ‘संख्या आली, म्हणजे कार्य झाले’ असे म्हणता येत नाही. जबरदस्तीने परिमाण काढावे लागले, ही धोक्याची पहिली खूण. कार्याच्या गणितात शेवटी वर्गमूळ घ्यायची वेळ आली तर तिथेच थांबा आणि मागे जाऊन गुणाकार तपासा.

आणखी एक. परिमाण कधी ऋण येत नाही. कार्य मात्र ऋण येऊ शकते, बल विस्थापनाच्या विरुद्ध असेल तेव्हा येतेच. क्रॉस प्रॉडक्टच्या वाटेने गेलात तर ऋण कार्य तुम्हाला कधी भेटणारच नाही.

दोघांचेही एकक न्यूटन-मीटर आहे. मग ती एकच राशी नाही का?

मिती सारख्या आहेत, राशी वेगळ्या आहेत. बलाला लांबीने गुणले की एकक न्यूटन-मीटरच येणार, मग ती लांबी चाललेली असो की दांड्याची असो. एककांवरून तपासणी करून ही चूक सापडत नाही, म्हणूनच ती शेवटपर्यंत लपून राहते. कार्यासाठी ज्यूल लिहायचे आणि टॉर्कसाठी न्यूटन-मीटरच ठेवायचे असा एसआय पद्धतीचा संकेत आहे. तो पाळला तर निदान उत्तर लिहिताना आपण कशाबद्दल बोलतोय याची आठवण राहते. टॉर्कसमोर ज्यूल लिहिलेले दिसले की मी पेन्सिलीने गोल करते, मग आकडा बरोबर असला तरी.

गणितात दोन बिंदू दिले की माझा गोंधळ सुरू होतो. असे का?

दोन्ही प्रकारांत दोन बिंदू लागतात आणि दोन्हींत वजाबाकी करावी लागते, म्हणून. कार्यात कण कुठून निघाला आणि कुठे पोहोचला ते बिंदू असतात. टॉर्कमध्ये कशाभोवती फिरवायचे आणि बल कुठे लागले ते बिंदू असतात. वजाबाकी झाली की कागदावर दोन्ही बाण सारखेच दिसतात. d = 2i + j आणि r = i + 2k यांकडे नुसते पाहून कोण कोणाचे ते सांगता येत नाही. आपल्या गणितात तर दोघांची लांबीही तीच आहे, √5.

फरक वेळेचा आहे. विस्थापन ही घडलेली गोष्ट असते, त्यात आधी आणि नंतर असते. r मध्ये काहीच घडत नाही, ते एका क्षणाचे चित्र असते. प्रश्न वाचताना ‘सरकतो’, ‘पर्यंत जातो’, ‘नेले’ अशी क्रियापदे दिसली की d शोधा. ‘भोवती’, ‘बिंदूपाशी लागलेले बल’, ‘बिजागरीपासून’ असे शब्द दिसले की r शोधा. गुणाकार कोणता हा प्रश्न त्यानंतरचा. बाण बरोबर ओळखला की गुणाकार सहसा चुकत नाही. मुले उलटे करतात: आधी सूत्र आठवतात, मग हाताशी येईल तो बाण त्यात भरतात.

मग d × F ला काहीच अर्थ नाही का? (−1, 2, 4) हा आकडा वाया गेला?

हा प्रश्न मला फार आवडतो, कारण उत्तर ‘नाही, वाया गेला नाही’ असे आहे. कण B वर पोहोचल्यावर आरंभबिंदूभोवती टॉर्क किती ते काढून बघू. तिथे r = 3i + j + 2k. क्रॉस प्रॉडक्ट केला की −7i + 7j + 7k येतो. A पाशी तो −6i + 5j + 3k होता. दोन्हींतला फरक −i + 2j + 4k. म्हणजे d × F हाच!

बल स्थिर असताना ते लागण्याची जागा A वरून B वर गेली की टॉर्क किती बदलला, ते d × F सांगतो. त्या मुलाने एका खऱ्याखुऱ्या प्रश्नाचे बरोबर उत्तर काढले होते. तो प्रश्न विचारलेला नव्हता, एवढेच.

दुसऱ्या बाजूलाही असेच आहे. r · F ची किंमत A पाशी 0 आहे. B पाशी ती 6 + 3 − 2 = 7 आहे. फरक ७, म्हणजे आपले कार्य. स्थिर बलासाठी r · F ही एका परीने त्या जागेची ऊर्जेची नोंद असते, स्थितिज ऊर्जा ऋण चिन्हासह. एका जागेची नोंद म्हणून तिला फारसा अर्थ नाही, दोन जागांमधला फरकच खरा.

माझ्या आकृतीत टॉर्क काढताना कोसाइन आला. म्हणजे तिथे डॉट प्रॉडक्ट लागला का?

नाही. ‘साइन म्हणजे क्रॉस, कोसाइन म्हणजे डॉट’ हे पाठ केलेले वाक्य इथे दगा देते.

पान्याचेच उदाहरण घेऊ. दांडा ०.२५ मीटर, बल ४० न्यूटन, आणि गणितात दिले आहे की बल ‘दांड्याच्या लंबाशी’ ३० अंशांचा कोन करते. फिरवणारा वाटा दांड्याला लंब असतो, म्हणजे 40 cos 30° = 34.6 न्यूटन. टॉर्क ०.२५ गुणिले ३४.६, म्हणजे ८.६६ न्यूटन-मीटर. कोसाइन आला खरा, पण कारण कोन लंबापासून मोजला आहे. दांडा आणि बल यांच्यातला कोन ६० अंशांचा आहे आणि sin 60° ची किंमत cos 30° इतकीच. गुणाकार क्रॉसच राहिला.

कोसाइन पाहून कोणी इथे डॉट प्रॉडक्ट मानला आणि पुढे दांड्याच्या दिशेचा 40 sin 30° = 20 न्यूटन हा वाटा घेतला, तर उत्तर ५ न्यूटन-मीटर येते. म्हणजे नटला काहीच करत नाही तो वाटा. सूत्रातला θ नेहमी दोन बाणांच्या शेपट्या एका जागी आणल्यावर त्यांच्यात पडणारा कोन असतो. आकृतीत जो कोन दाखवला आहे तो तोच असेल असे नाही. उतारावरच्या ठोकळ्याच्या गणितात हेच होते: उताराचा कोन ३० अंश, पण वजन आणि खालच्या दिशेचे विस्थापन यांच्यातला कोन ६० अंश. तिथे कार्यात साइन येतो आणि तरीही गुणाकार डॉटच असतो.

पाटीवरच्या सपाट आकृतीत टॉर्क नुसता +८ किंवा −८ असा लिहितात. मग तो अदिश झाला ना?

दिसतो तसा, पण नाही. r आणि F दोन्ही कागदाच्या प्रतलात असले तर दोघांना लंब अशी दिशा एकच उरते, कागदातून वर किंवा खाली. एकच रेषा उरल्यामुळे दिशा सांगायला चिन्ह पुरते. घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरले तर अधिक, काट्यांप्रमाणे फिरले तर उणे. ते चिन्ह म्हणजे k ची दिशा आहे, कार्याच्या उणे चिन्हासारखे ‘ऊर्जा गेली’ असे नाही.

मी घटकाला घटकाने गुणले आणि 2i + 0j − 2k लिहिले. तीन घटक आले, म्हणजे टॉर्क झाला ना?

हा तिसराच गुणाकार झाला आणि भौतिकशास्त्रात त्याला इथे जागा नाही. डॉट प्रॉडक्टमध्ये हीच तीन पदे असतात, पण त्यांची बेरीज करायची असते. बेरीज न करता i, j, k तसेच चिकटवून ठेवले की ते दिसायला सदिश दिसते. तपासणी सोपी आहे: खरा टॉर्क F ला लंब असतो. (2, 0, −2) चा F शी डॉट प्रॉडक्ट 4 + 0 + 2 = 6 येतो, शून्य नाही. म्हणजे हा टॉर्क असूच शकत नाही.

संगणकावर करणाऱ्यांकडूनही हीच चूक होते, कारण तिथे * हे चिन्ह घटकवार गुणाकार करते:

```python
import numpy as np
r = np.array([1, 0, 2])
F = np.array([2, 3, -1])
print(r * F)           # [ 2  0 -2]  टॉर्क नव्हे
print(np.dot(r, F))    # 0
print(np.cross(r, F))  # [-6  5  3]  टॉर्क
```

r × F की F × r? क्रमाने काय बिघडते?

चिन्ह उलटते, म्हणजे फिरण्याची दिशा उलटी होते. परिमाण तेच राहते, म्हणून ही चूकही लपते. बाण अक्षापासून निघून बलाकडे जातो, म्हणून r आधी. निश्चयक मांडताना मधल्या ओळीत r, खालच्या ओळीत F. आणि j च्या घटकाचे चिन्ह उलटायला विसरू नका. आपल्या गणितात ते विसरलात तर 5 च्या जागी −5 येईल.

उत्तर लिहून झाल्यावर अदलाबदल झाली नाही हे कसे पडताळू?

टॉर्कसाठी लंबपणाची तपासणी सगळ्यात भरवशाची. (−6, 5, 3) चा r शी डॉट प्रॉडक्ट: −6 + 0 + 6 = 0. F शी: −12 + 15 − 3 = 0. दोन्ही शून्य आले, म्हणजे घटक जवळपास नक्कीच बरोबर आहेत. j च्या चिन्हाची चूकही इथे पकडली जाते, कारण F शी 0 ऐवजी −30 येतो. एकच गोष्ट या तपासणीला सापडत नाही: r आणि F चा क्रम उलटला असेल तर. त्यासाठी उजवा हातच वापरावा लागतो.

दुसरी तपासणी दोन्ही गुणाकारांना एकत्र बांधते. डॉट प्रॉडक्टचा वर्ग आणि क्रॉस प्रॉडक्टच्या परिमाणाचा वर्ग यांची बेरीज दोन लांबींच्या वर्गांच्या गुणाकाराइतकी असते. d आणि F साठी 49 + 21 = 70, आणि 5 गुणिले 14 हेही 70. r आणि F साठी 0 + 70 = 70. साइन वर्ग अधिक कोसाइन वर्ग बरोबर एक, त्याचेच हे रूप. पण लक्षात असू द्या, यातून आकडेमोड तपासली जाते. तुम्ही योग्य गुणाकार निवडला की नाही हे यातून कळत नाही.

निवड तपासायची असेल तर आरंभबिंदू मनातल्या मनात हलवून बघा. सगळ्या बिंदूंना सारखेच सरकवले तर d बदलत नाही, म्हणून कार्य ७ ज्यूलच राहते. आरंभबिंदूभोवतीचा टॉर्क मात्र बदलतो, कारण r बदलतो. ‘कशाभोवती?’ असे विचारल्याशिवाय ज्याचे उत्तर देता येत नाही तो टॉर्क.

टॉर्कसुद्धा कार्य करतो म्हणतात. मग तिथे कोणता गुणाकार?

तिथे दोन्ही येतात, एकामागून एक. आधी क्रॉस प्रॉडक्टने टॉर्क, मग टॉर्क आणि फिरलेला कोन यांचा डॉट प्रॉडक्ट म्हणजे कार्य.

पाना पाव फेरी फिरवला आणि हात दांड्याशी तोच कोन ठेवून तेवढाच जोर लावत राहिला, असे धरू. टॉर्क ८.६६ न्यूटन-मीटर, कोन π/2 रेडियन, म्हणजे १.५७१. कार्य १३.६ ज्यूल. आता टॉर्क विसरून सरळ मार्गाने काढू. हात चालला तो कंस ०.२५ गुणिले १.५७१, म्हणजे ०.३९३ मीटर. चालण्याच्या दिशेने बल ३४.६ न्यूटन. गुणाकार पुन्हा १३.६ ज्यूल.

नट जागचा हललाच नाही तर टॉर्क तेवढाच असतो आणि कार्य शून्य. गंजलेल्या नटवर घाम गाळणाऱ्या कोणालाही हे पटेल.

हे दोन गुणाकार मुळात वेगळे का निघाले?

मुळात ते एकत्रच होते. हॅमिल्टनने १८४३ मध्ये क्वाटर्निअन शोधले. त्यांच्या पद्धतीत दोन सदिश गुणले की एक अदिश भाग आणि एक सदिश भाग एकदमच येतात. अदिश भाग म्हणजे उणे चिन्हासह डॉट प्रॉडक्ट, सदिश भाग म्हणजे क्रॉस प्रॉडक्ट. पुढे १८८० च्या दशकात गिब्ज आणि हेविसाइड यांनी स्वतंत्रपणे ते दोन भाग सुटे केले, कारण भौतिकशास्त्रात एका वेळी सहसा एकच भाग हवा असतो. आपल्या r आणि F चा क्वाटर्निअन गुणाकार केला असता तर 0 − 6i + 5j + 3k असे एकाच ओळीत आले असते.

एक शेवटचे: आकडे तेच ठेवून प्रश्न बदलला तर?

हा मी मुद्दाम देते. बल तेच, A आणि B तेच. प्रश्न: ‘A वर लागलेल्या बलाचा B भोवती टॉर्क काढा.’ आरंभबिंदूचा उल्लेख नाही. बहुतेक जण B − A करतात, कारण कार्य काढताना तसेच केले होते. पण आता फिरण्याचे केंद्र B आहे आणि बल A वर आहे. बाण केंद्रापासून बलाकडे जातो, म्हणून r = A − B = −2i − j + 0k. क्रॉस प्रॉडक्ट i − 2j − 4k. F शी तपासा: 2 − 6 + 4 = 0. r शी: −2 + 2 + 0 = 0. वर ज्याला चूक म्हटले तोच d × F, चिन्ह उलटून, इथे बरोबर उत्तर आहे.